ताटाच्या वजनात दडलेली जाडी

नागपुरात इतवारीतील दुकानदार ताट हातात देतो आणि त्याच्या वजनाचा अंदाज मनगटालाच येतो; परंतु संगणकाच्या पडद्यावर डिनर सेटची फेरिस्त वाचणाऱ्या ग्राहकास ती सोय नसल्यामुळे तपशिलातील आकड्यांवरूनच खातरजमा करावी लागते.

‘51 नग’ या आकड्यात चमचेही मोजलेले असतात. म्हणून प्रथम ताटे, वाट्या व पेले निराळे मोजावेत. त्यानंतर वजनाकडे वळावे. 30 सेंटिमीटर व्यासाच्या ताटाचे क्षेत्रफळ सुमारे 707 चौरस सेंटिमीटर भरते, पत्रा 0.6 मिलिमीटर जाड असेल, तर पोलादाच्या 7.9 या घनतेनुसार, काठ सोडूनही, त्याचे वजन 335 ग्रॅमच्या आसपास येते. तेच ताट 220 ग्रॅम भरले, तर पत्रा जेमतेम 0.4 मिलिमीटरचा असून ते लवकर पोचते.

वाटीची धारकता सामान्यतः काठोकाठ मोजलेली असते. तराजूवर रिकामी वाटी ठेवून तीत पाणी ओतावे. जितके ग्रॅम वाढतील तितके मिलिलिटर. वरण वाढताना बोटभर जागा सोडावी लागते, हे ध्यानात असावे.

डिशवॉशरच्या बाबतीत मात्र पोलादाची जात निर्णायक ठरते. 304 जातीत सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. 202 मध्ये निकेल कमी असल्याने उष्ण, क्षारयुक्त पाण्यात तिच्यावर बारीक तांबूस ठिपके लवकर पडतात. दोन्ही जाती लोहचुंबकास बहुधा दाद देत नाहीत. तेव्हा चुंबकावर विसंबू नये, जातीचा क्रमांक लेखी मागावा.