शेवटचे वीस टक्के

मोबाइल ऐंशी टक्क्यांपर्यंत भरभर चार्ज होतो आणि पुढे रेंगाळतो. हे रेंगाळणं चार्जरनं मुद्दाम केलेलं असतं. ते नीट पाहावं म्हणून मी एक लिथियम-आयन सेल टीपी ४०५६ चिपच्या चार्जरला जोडला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळणारी, टपालाच्या तिकिटाएवढी ही पट्टी.

सेल ३.५ व्होल्टवर होता. चिपनं १ अँपिअर करंट धरून ठेवला आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज सावकाश चढत गेलं. ४.२ ला पोचताच चित्र उलटलं. आता व्होल्टेज हलेना, करंट मात्र उतरू लागला.

४.२ च्या वर गेलं तर सेलमधलं रसायन बिघडू लागतं, म्हणून ती हद्द. पण तिथे पोचलेला सेल भरलेला नसतो. माझ्या सेलचा रोध तारांसकट साधारण ०.१ ओहम. १ अँपिअर वाहताना ०.१ व्होल्ट त्यातच जातं, मीटर ४.२ दाखवतो तेव्हा आत ४.१ च असतं. मग ४.२ धरून वाट पाहायची. आत ४.१५ झालं की करंट अर्धा होतो, ४.१९ ला दहावा हिस्सा. तिथे चिप थांबते आणि लाल दिवा जाऊन निळा लागतो. सेल जुना झाला की रोध वाढतो, ४.२ लवकर गाठलं जातं आणि रेंगाळणं लांबतं.

खरी मेख आहे ती एका अवस्थेतून दुसरीत जाण्यात. स्वतः चार्जर बनवताना मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं : ४.२ झालं की करंट कमी कर, नाहीतर १ अँपिअर दे. करंट कमी होताच रोधातली घट कमी झाली, व्होल्टेज ४.२ च्या खाली आलं आणि प्रोग्रॅमनं पुन्हा १ अँपिअर सोडला. मीटरचे आकडे सारखे वरखाली नाचत राहिले.

यावर तोडगा म्हणजे अवस्था बदलायचीच नाही. व्होल्टेज सांभाळणारा भाग पहिल्यापासून चालू ठेवायचा, त्याला किती करंट हवा ते विचारायचं आणि ती मागणी व १ अँपिअर यांतलं जे कमी ते द्यायचं :

```
i = min(1.0, v_loop(4.20 - v))
```

मात्र हा भाग राहिलेली तूट साठवत जातो. पहिल्या तासभरात व्होल्टेज कमीच असल्यानं साठा फुगतो आणि त्याची पाळी आली की तो ४.२ ओलांडून जातो. म्हणून तो साठा १ अँपिअरपाशी अडवावा लागतो. हे कळेपर्यंत माझा एक सेल ४.३ च्या वर गेला होता.

चार्ज होताना त्याच सेलवर काही चालू ठेवलं, तरी घोटाळा होतो. त्या उपकरणाला १५० मिलिअँपिअर लागत असतील, तर करंट १०० च्या खाली कधी जातच नाही. निळा दिवा लागत नाही आणि सेल तासन्‌तास ४.२ वर ताटकळतो. उपकरण काढून पाहावं : काही क्षणांत निळा लागला, तर सेल केव्हाच भरला होता.