आजीचा अर्धा मेसेज

‘आजोबांना काल रात्री अचानक’

म्युनिकमध्ये सकाळी साडेसहाला गजर बंद करताना नातवाला आजीचा एवढाच मेसेज दिसला. गोष्ट रचलेली आहे, पण परदेशी मूल असलेल्या कुठल्याही घरात ती सहज घडेल.

आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. म्हणून अर्धवट वाक्यात माणूस कळतो, वेळ कळते, फक्त काय झालं ते कळत नाही. त्यात ‘अचानक’ हा शब्द. आजोबा ब्याऐंशीचे. उरलेलं वाक्य नातवाने मनातच पूर्ण केलं, आणि अशा वेळी मन चांगलं काही लिहीत नाही.

त्याने लगेच विचारलं, ‘काय झालं?’ समोर एकच टिक. व्हॉट्सॲपवर कॉल लावला, तर पडद्यावर ‘Calling’च राहिलं, ‘Ringing’ काही होईना. आजीचं ‘last seen’ पहाटे ४.११चं, म्हणजे मेसेज पाठवल्यानंतर मिनिटभराचं. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते, तेव्हा वाईत आता दहा वाजले होते. सव्वादोन तास आजी गप्प! घरचे सगळे दवाखान्यात असणार, असं त्याने धरूनच टाकलं.

या खुणा मात्र वेगळंच सांगत होत्या. एक टिक म्हणजे मेसेज निघाला, पण समोरच्या फोनपर्यंत पोचला नाही. ‘Ringing’ न होणं म्हणजे बहुधा तो फोन इंटरनेटवर नाही. दोन्हींतून कळतं ते फोनबद्दल, माणसाबद्दल नाही. पण घाबरलेल्याला हा फरक दिसत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

शेवटी त्याने पुण्याच्या आत्याला उठवलं. “आत्या, तू आजीला साधा फोन लाव, व्हॉट्सॲपवर नको.” साध्या फोनला इंटरनेट लागत नाही. तिसऱ्या रिंगला आजीने उचलला.

झालं होतं असं : टाइप करताना गॅसवरचं दूध वर आलं. उठण्याच्या घाईत अंगठा पाठवायच्या बाणावर पडला. मग वीज गेली, तिच्याबरोबर वायफाय गेलं. मोबाइल डेटा आजी बंदच ठेवते. मेसेज गेलाय हेच तिला ठाऊक नव्हतं. तिच्या मते तो अजून लिहायचा राहिला होता.

“अगं, त्यांना अचानक थालीपीठ खावंसं वाटलं. रात्री अकराला भाजणी भिजवली मी! तेच कळवत होते त्याला.”

आत्याने निरोप दिला. नातू आधी हसला, मग बराच वेळ बोललाच नाही. दुपारी वीज आल्यावर त्याने आजीला दोन गोष्टी सांगितल्या. मोठं लिहायचं असेल तर माइकचं बटण दाबून बोलून पाठव. आणि तब्येतीचं काही असेल तर पहिला शब्द ‘बरे आहेत’ हाच लिही, बाकी मागून येऊ दे. आजीला दुसरी पटली. बोलून पाठवायला ती तयार नाही. शेजारी ऐकतात, म्हणते.