कोणी दिले आणि कोणासाठी दिले

सहलीहून परतल्यावर ग्रुपवर बहुधा एकच निरोप येतो: एकूण इतके झाले, भागिले चार, आपापली काँट्री पाठवा. झटपट होतो हा हिशेब, पण बऱ्याचदा चुकतो. सगळे पैसे सगळ्यांसाठीच खर्च झाले, असे त्यात गृहीत धरलेले असते.

पुण्याहून तारकर्लीला गेलेल्या चौघांचे उदाहरण घेऊ. अजयची गाडी, त्यामुळे पेट्रोल त्याने भरले. खोल्यांचे पैसे मीनाने दिले, मालवणच्या स्कुबाचे सलीमने आणि जेवणाचे रेखाने. रेखा पाण्यात उतरलीच नाही. तक्ता असा होईल:

| खर्च | कोणी दिले | रक्कम | अजय | मीना | सलीम | रेखा |
|---|---|---|---|---|---|---|
| पेट्रोल | अजय | 5,600 | 1 | 1 | 1 | 1 |
| खोल्या | मीना | 6,000 | 1 | 1 | 1 | 1 |
| स्कुबा | सलीम | 4,500 | 1 | 1 | 1 | 0 |
| जेवण | रेखा | 2,400 | 1 | 1 | 1 | 1 |

या तक्त्याचा जीव शेवटच्या चार रकान्यांत आहे. ज्याच्यासाठी खर्च झाला त्याच्या नावाखाली 1, नसेल तर 0. सोबत लहान मूल असेल आणि त्याच्या जेवणाचा अर्धा वाटा ठरला असेल, तर 0.5 लिहायलाही हरकत नाही. सरसकट चार भाग केले असते, तर न केलेल्या स्कुबापोटी रेखाच्या माथी 1,125 रुपये बसले असते.

एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये ही आकडेमोड सोपी आहे. मथळे पहिल्या ओळीत आणि खर्च दुसऱ्या ओळीपासून ठेवले, तर पुढच्या H रकान्यात प्रत्येक खर्चाचा एका वाट्याचा भाव काढायचा. मग मीनाने एकूण किती दिले आणि तिचा वाटा किती, हे असे निघते:

```
H2:  =C2/SUM(D2:G2)
दिले: =SUMIF(B2:B5,"मीना",C2:C5)
वाटा: =SUMPRODUCT(E2:E5,H2:H5)
```

पहिले सूत्र खालच्या ओळींत ओढून घ्यायचे. अजय, मीना आणि सलीम यांचा वाटा प्रत्येकी 5,000 येतो, रेखाचा 3,500. दिलेल्या रकमेतून वाटा वजा केला की अजयला 600 आणि मीनाला 1,000 येणे, तर सलीमकडून 500 आणि रेखाकडून 1,100 देणे निघते. येणे आणि देणे दोन्ही 1,600. ही बेरीज जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर आधी नावे तपासा. एका ओळीत ‘मीना’ आणि दुसरीत ‘मीनाताई’ लिहिले असेल, तर सूत्र दुसरी ओळ मोजतच नाही. एक-दोन रुपयांचाच फरक असेल, तर मधेच कुठेतरी पैसे पूर्णांकात केलेले असतात. ते काम शेवटीच करावे. मात्र एखादे बिल लिहायचेच राहिले किंवा 0 च्या जागी 1 पडला, तर बेरीज तरीही जुळते. म्हणून पैसे पाठवण्याआधी तक्ता सगळ्यांनी एकदा डोळ्यांखालून घालावा.

आता फिटवाफिटवी. प्रत्येक बिलाचे पैसे वेगवेगळे परत करायचे म्हटले, तर इथे 11 व्यवहार होतात. त्याऐवजी ज्याचे देणे सर्वांत जास्त, त्याने ज्याचे येणे सर्वांत जास्त त्याला द्यायचे आणि उरेल त्यावर पुन्हा तेच करायचे. रेखा मीनाला 1,000 देते, सलीम अजयला 500 आणि रेखाकडे उरलेले 100 अजयला. तीन व्यवहारांत सगळे मोकळे. माणसे कितीही असोत, या रीतीने व्यवहार माणसांच्या संख्येपेक्षा किमान एकने कमीच राहतात. इथे सलीम हमखास विचारतो, ‘स्कुबाचे पैसे तर मी भरले, मग अजयला मीच का देऊ?’ त्याला तक्ता दाखवावा. स्कुबाचे 4,500 त्याच्या खात्यात धरलेलेच आहेत, पण त्याच्यावर खर्च 5,000 झाला आहे.

सर्वांत जास्त घोळ होतो तो उसन्या पैशांचा. सलीमने वाटेत रेखाला 500 रोख दिले, तर तो सहलीचा खर्च नव्हे. तो चौघांत वाटला की अजय आणि मीना नाहक भरडले जातात. ‘कोणी दिले’मध्ये सलीम, 1 फक्त रेखाच्या रकान्यात आणि बाकी सगळीकडे 0, अशी ओळ घातली की काम झाले. खोल्यांची अनामत परत मिळाली, तर ती ज्याच्या हातात आली त्याच्या नावावर, ज्यांच्यात वाटली होती त्यांच्यातच, उणे रक्कम म्हणून लिहावी.

शेवटची फेडही याच तऱ्हेने लिहायची. रेखाने मीनाला पाठवलेले 1,000 म्हणजे देणारी रेखा आणि 1 फक्त मीनापुढे. सूत्रांतला 5 हा शेवटच्या ओळीचा आकडा तेवढा वाढवून घ्यायचा. तिन्ही फेडी लिहिल्या की चौघांचा फरक शून्यावर येतो. त्यानंतर अजयच्या फास्टॅगमधून राहिलेला 240 रुपयांचा टोल कापला गेला, तरी जुना हिशेब उकरावा लागत नाही. एक ओळ वाढवायची आणि तिघांनी अजयला 60-60 रुपये पाठवायचे.