चेंडूची उंच वाट

अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या एका शेतावर, १९३४ च्या सुमारास, केनी सेलर्स नावाचा शाळकरी मुलगा आपल्या थोरल्या भावाशी बास्केटबॉल खेळत असे. भाऊ चांगलाच उंच. त्याच्या उंचावलेल्या हातांवरून चेंडू नेणे धाकट्याला काही केल्या जमेना. तेव्हा केनीने जागच्या जागी उडी घेतली आणि हवेत असतानाच चेंडू सोडला. ‘जंप शॉट’चे जनक म्हणून ज्या मोजक्या खेळाडूंची नावे घेतली जातात, त्यांत सेलर्सचे नाव अग्रभागी असते. उडीमुळे अडवणाऱ्याचा हात चुकतो, हे खरे; परंतु चेंडू कडीत पडणार की नाही, हे पुढच्या एका सेकंदात तो कोणत्या वाटेने जातो यावर ठरते.

हे समजण्यासाठी घरातली एक बांगडी पुरेशी आहे. ती आडवी धरून वरून पाहिली तर पूर्ण वर्तुळ दिसते. डोळा हळूहळू खाली आणला की वर्तुळाचा लंबगोल होतो, आणि डोळा बांगडीच्या पातळीत आला की केवळ एक रेघ उरते. खाली येणाऱ्या चेंडूलाही कडी अशीच ‘दिसते’. कडीचा आतील व्यास सुमारे ४५.७ सेंटिमीटर, तर चेंडूचा सुमारे २४. चेंडू सरळ वरून पडला तर जागा ऐसपैस. मात्र तो जितका तिरपा येईल, तितके त्याच्यापुरते दार अरुंद होत जाते. उतरण्याचा कोन ३२ अंशांहून कमी असेल, तर कडीला न शिवता चेंडू आत जाणेच अशक्य.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. कडी जमिनीपासून ३.०५ मीटर उंच. खेळाडूने उडी घेऊन २.४४ मीटर उंचीवरून चेंडू सोडला आणि कडीचा मध्य ४.२ मीटर दूर आहे, असे धरू. हवेचा अल्प विरोध सोडून देऊ. चेंडू ४० अंशांनी सोडला, तर तो जेमतेम २९ अंशांनी उतरतो; त्याला मिळणारे दार २२ सेंटिमीटरांचे, म्हणजे चेंडूहूनही लहान. ४५ अंशांनी सोडल्यास दार साडेसव्वीस सेंटिमीटर होते. ५२ अंशांनी सोडल्यास चेंडू जवळजवळ ४५ अंशांनी उतरतो आणि दार ३२ सेंटिमीटरांचे होते. केवळ सात अंशांच्या फरकाने मोकळी जागा अडीच सेंटिमीटरांवरून आठवर गेली!

चेंडू वारंवार कडीच्या पुढच्या कडेवर आपटू लागला, की “जोर लाव” असे मुलाला सांगितले जाते. पण पुष्कळदा उणीव जोराची नसून उंचीची असते. बाजूला उभे राहून पाहावे : वरील उदाहरणात ४० अंशांचा चेंडू कडीच्या वर सुमारे ४५ सेंटिमीटरच चढतो, तर ५२ अंशांचा सुमारे ९०. नुसत्या डोळ्यांनीही हा फरक कळतो.

मग चेंडू आणखी उंच का टाकू नये? ७० अंशांनी टाकल्यास दार ४२ सेंटिमीटरांचे होते खरे. पण वेग सुमारे एक-पंचमांशाने वाढवावा लागतो, आणि कोनात एका अंशाची चूक झाली तर चेंडू १७ सेंटिमीटर सरकतो. ५२ अंशांना तीच चूक जेमतेम दोन सेंटिमीटरांची ठरते. म्हणून मोठ्या दाराचा लोभ एका मर्यादेपर्यंतच धरावा.

वेगाची चूक मात्र उरतेच. वेग शेकडा एकाने बदलला तरी चेंडू नऊ-दहा सेंटिमीटर पुढेमागे पडतो आणि कडीला लागतो. येथे उलटी फिरकी कामाला येते. मनगट पुढे वाकवून, शेवटी तर्जनी व मध्यमा यांच्या टोकांवरून चेंडू सुटला, की त्याचा वरचा भाग टाकणाऱ्याकडे फिरू लागतो. असा चेंडू कडीवर टेकला की घर्षण त्याला मागे ओढते. फळीवर आपटला तर त्याला खाली दाबते. दोन्ही वेळा तो दूर उसळण्याऐवजी कडीपाशी घोटाळतो. फ्री थ्रोचा अभ्यास करणाऱ्या ट्रॅन आणि सिल्व्हरबर्ग या संशोधकांनी २००८ साली सेकंदाला सुमारे तीन फेरे सुचवले. चेंडू हवेत सुमारे एक सेकंद असतो. म्हणजे कडीपर्यंत तीनच गिरक्या.

त्या गिरक्या चेंडूवरील शिवणीच्या रेघांवरून ओळखता येतात. रेघा सरळ मागे फिरत असतील तर सुटका स्वच्छ झाली. त्या एका अंगाला डुगडुगत असतील तर बहुधा दुसऱ्या हाताचा अंगठा चेंडूला लागला. तेव्हा मुलाला जोर लावायला सांगण्यापूर्वी दोनच गोष्टी पाहाव्यात : चेंडू किती वर चढला, आणि रेघा कशा फिरल्या.