भाडेवाढीचं पत्र

एप्रिल-मे आला की पुण्या-मुंबईतल्या अनेक घरमालकांना एका अवघड कामाला लागावं लागतं. भाडेकरू चांगला आहे, भाडं वेळेवर येतं, दिवाळीला फराळाची देवाणघेवाण होते, आणि आता त्याला भाडेवाढ सांगायची आहे. मग महागाईपासून सोसायटीच्या रंगकामापर्यंत सगळी गाऱ्हाणी घालून लांबलचक मेसेज लिहिला जातो, आणि ज्या करारावर ती वाढ उभी आहे त्याचा उल्लेखच राहून जातो.

एक उदाहरण घेऊ. दोन बेडरूमचा फ्लॅट, 1 जून 2024 पासून 36 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, डिपॉझिट 60,000 रुपये. भाडं पहिल्या वर्षी महिना 20,000 आणि पुढे दर वर्षी पाच टक्के वाढ. म्हणजे दुसऱ्या वर्षी 21,000. तिसऱ्या वर्षी किती? भाडेकरू म्हणतो 22,000, कारण मूळ भाड्याचे पाच टक्के हजारच होतात. मालक म्हणतो 22,050, कारण पाच टक्के चालू भाड्यावर धरायचे. महिन्याला पन्नास रुपयांचा प्रश्न. पण मनं खट्टू व्हायला तेवढं पुरतं. म्हणून करारात नुसती टक्केवारी न लिहिता प्रत्येक वर्षाचा आकडा रुपयांत लिहून घ्यावा. आपल्या उदाहरणात तो 22,050 असा लिहिलेला आहे असं समजू.

असे आकडे नोंदणीकृत करारात असले की वाढ तेव्हाच ठरलेली असते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क लागतं ते पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, अधिक डिपॉझिटवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर, एकूण 0.25 टक्के. इथे तीन वर्षांचं भाडं 7,56,600 आणि व्याज 18,000 धरून शुल्क साधारण 1,937 रुपये होतं. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या 22,050 रुपयांवरचं शुल्क 2024 मध्येच भरून झालं आहे! नोटीस ही फक्त आठवण. मालकाला ‘यंदा बाजारभाव वाढलाय’ म्हणून 24,000 मागता येत नाहीत, आणि भाडेकरूला वाढ नाकारता येत नाही.

महिनाभर आधी पाठवायचं पत्र एवढंच पुरे:

‘सप्रेम नमस्कार. आपल्या करारातील कलम 3 प्रमाणे 1 जून 2026 पासून मासिक भाडे 21,000 ऐवजी 22,050 रुपये राहील. डिपॉझिट आणि बाकीच्या अटी आहेत तशाच आहेत. सोसायटीचा मेंटेनन्स यंदा वाढला आहे, तरी ठरल्यापेक्षा जास्त काही मागत नाही. घरातली काही कामं राहिली असतील तर जरूर कळवा.’

कलम, तारीख, जुना आकडा, नवा आकडा. कारण एकाच वाक्यात, तेही सौजन्य म्हणून. कारणं वाढवली की समोरचा ती तपासायला लागतो, आणि ते त्याचं चुकत नाही. ‘भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी भरमसाट पैसे घेते’ हे कारण तर लिहूच नये. 2001 च्या सरकारी आदेशानुसार हे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क 2,400 असेल तर फार तर 240 रुपये.

अकरा महिन्यांच्या करारात मात्र चित्र उलटं असतं. त्यात बहुधा ‘परस्पर संमतीने नूतनीकरण, भाड्यात दहा टक्के वाढ’ असं काहीसं लिहिलेलं असतं. संमती दोघांची लागते, म्हणून इथलं पत्र हा प्रस्ताव असतो. भाडेकरू घासाघीस करू शकतो किंवा घर सोडू शकतो. इथे कारणं खरोखर उपयोगी पडतात. आणि जमलं तर नवा करार लिहून नोंदवावाच लागतो. अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे.

याच कायद्यातलं ‘दर साल चार टक्के’ काही भाडेकरू मालकापुढे धरतात. ती तरतूद जुन्या, संरक्षित भाडेकरूंची आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या भाड्याशी तिचा संबंध नाही.

पत्र गेलं, उत्तरात ‘ओके काका’ आलं, तरी जूनचा बँक मेसेज बघावा. भाडं बँकेतून आपोआप जाण्याची सोय केलेली असेल, तर रक्कम बदलायची राहते आणि 21,000 च येतात. तेव्हा लगेच, त्याच आठवड्यात कळवावं. मालक संकोचाने गप्प राहिला आणि घर सोडताना वर्षाची थकबाकी 12,600 रुपये डिपॉझिटमधून कापायला निघाला, की भांडण ठरलेलं.