पिनकोडातला पहिला शून्य जपा

गेल्या वर्षी हंगामाच्या तोंडावर आमच्याकडून ड्रेस मटेरियलची काही पार्सले अमेरिकेला गेली. न्यू जर्सी राज्यात एडिसन आणि इसेलिन या गावांमधून ओक ट्री रोड नावाचा रस्ता जातो. तिथे आपल्याकडच्या कपड्यांची बरीच दुकाने आहेत आणि आमचे काही ग्राहकही त्याच भागातले. एकंदर ३८ पत्ते होते. ते जुन्या बिलांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर छापलेले होते. पुतण्याने फोनवरच्या स्कॅनरने कागदांचे फोटो घेतले, त्यातला मजकूर उचलला, एक्सेलमध्ये चिकटवला आणि यादी तयार केली. दोन दिवसांचे काम तासाभरात झाले म्हणून आम्ही सगळेच खूश होतो.

यादी कुरिअरवाल्याकडे गेली तेव्हा ११ पत्त्यांचा पिनकोड चारच आकड्यांचा निघाला. अमेरिकेत पिनकोडला झिप कोड म्हणतात आणि तो पाच आकड्यांचा असतो. घाईत कोणीतरी ठरवले की एक शून्य राहून गेला आहे, आणि तो शेवटी जोडून दिला. जर्सी सिटीचा ०७३०६ होता, यादीत तो ७३०६ झाला होता, त्याचा आता ७३०६० झाला. ७३० ने सुरू होणारे कोड ओक्लाहोमा राज्यातले आहेत. न्यू जर्सीपासून ते राज्य दोन हजार किलोमीटरच्या आसपास दूर. पत्ता एका राज्याचा आणि कोड दुसऱ्या राज्याचा, म्हणून पार्सल वाटेत अडकले. पत्ता दुरुस्त होऊन माल पोहोचेपर्यंत ग्राहकाचा हंगाम निघून गेला आणि त्याने निम्मा माल परत घ्यायला सांगितला.

पुतण्या म्हणाला, "चाचा, मी एकही आकडा हाताने लिहिलेला नाही, मग चूक झाली कशी?" त्याचे म्हणणे खरे होते. चूक चिकटवताना झाली आणि ती एक्सेलने आपल्या नेमाप्रमाणे केली. तो नेम समजून घेतला तर हे नुकसान टळते.

एक्सेलच्या खान्यात आपण काही टाकले की ते आधी पाहते, हा मजकूर आहे की संख्या. सगळे अंक दिसले की ते संख्या धरते. संख्येच्या हिशेबात ०८८२० आणि ८८२० यांत फरक नाही, कारण डावीकडच्या शून्याला किंमत नसते. म्हणून ते शून्य टाकून देते आणि फक्त ८८२० जपून ठेवते. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की शून्य लपलेला नसतो, तो खान्यातून गेलेलाच असतो. मागाहून त्या खान्याचा प्रकार बदलून मजकूर केला तरी तो परत येत नाही.

आपल्या धंद्यात याची सोपी कसोटी आहे. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ती संख्या नव्हे, ते नाव आहे. मीटर, दर, रक्कम या संख्या. पिनकोड, फोन, बँकेचा खाते क्रमांक, बिलाचा क्रमांक ही नावे, फक्त ती अंकांत लिहिलेली असतात. नावातले पहिले अक्षर कोणी टाकून देत नाही.

तेव्हा उपाय चिकटवण्याच्या आधी करावा लागतो. कोरी शीट उघडा. पिनकोड आणि फोन ज्या रकान्यांत येणार, ते रकाने वरच्या अक्षरावर क्लिक करून पूर्ण निवडा. Ctrl+1 दाबा, Number या पानावर Text निवडा आणि OK करा. आता त्या रकान्यांत जे येईल ते जसेच्या तसे राहील.

पण इथेच दुसरी फसगत होते. वर्डमधून किंवा वेबपानावरून उचललेला मजकूर साध्या Ctrl+V ने चिकटवला, तर तो आपला पोशाख बरोबर घेऊन येतो आणि आपण लावलेला Text पुसून टाकतो. शून्य पुन्हा गेला. म्हणून चिकटवताना Ctrl+Alt+V दाबावे आणि यादीतून Text किंवा Unicode Text निवडावे. हे जमत नसेल तर मजकूर आधी नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि तिथून पुन्हा उचलावा. नोटपॅड पोशाख उतरवून ठेवते. गुगल शीट्स वापरणाऱ्यांनी Format, Number, Plain text असे आधी करून मग Ctrl+Shift+V ने चिकटवावे.

एक्सेलच्या नव्या आवृत्तीत आणखी एक सोय आहे. File, Options, Data या ठिकाणी Automatic Data Conversion हा भाग आहे. त्यात Remove leading zeros and convert to a number या ओळीपुढची खूण काढली की एक्सेल शून्य टाकत नाही. मात्र ही खूण त्याच संगणकापुरती असते. तुमची फाइल दुसरा कोणी आपल्या संगणकावर नव्याने चिकटवून बनवील, तर त्याच्याकडे जुनाच नेम चालेल. म्हणून Text लावण्याची सवय सोडू नये.

काम नीट झाले की नाही, हे नजरेने ओळखता येते. मजकूर खान्यात डावीकडे टेकतो, संख्या उजवीकडे. शिवाय मजकूर म्हणून ठेवलेल्या अंकांच्या खान्याला कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. अनेकजण त्याला चूक समजून त्यावर क्लिक करतात आणि Convert to Number निवडतात. असे केले की सगळी मेहनत वाया. तो त्रिकोण या रकान्यात चांगली खूण आहे, तो तसाच राहू द्यावा. यादी मोठी असेल तर शेजारच्या रकान्यात आकड्यांची लांबी मोजून घ्यावी:

```
=LEN(E2)
```

अमेरिकेच्या साध्या झिप कोडसाठी उत्तर ५ यायला हवे. ४ आले तर शून्य गेला आहे. उत्तराऐवजी खान्यात सूत्राचीच अक्षरे दिसली, तर त्या रकान्यालाही Text लागला आहे असे समजावे. त्याला General करून सूत्र पुन्हा टाकावे.

नुकसान होऊन गेले असेल तर झिप कोड दुरुस्त करता येतो, कारण त्याची लांबी ठरलेली आहे आणि शून्य डावीकडचाच गेलेला असतो. न्यू जर्सीचे कोड ०७ किंवा ०८ ने सुरू होतात, मॅसॅच्युसेट्सचे ०१ किंवा ०२ ने. म्हणून राज्याचे नाव पाहून खात्रीही होते. नव्या रकान्यात हे सूत्र द्यावे:

```
=TEXT(E2,"00000")
```

८८२० चा ०८८२० होईल. मग तो रकाना कॉपी करून Paste Special मधून Values म्हणून चिकटवावा, म्हणजे सूत्र जाऊन कोड राहील. काहीजण सूत्र न देता Custom मध्ये 00000 असा नमुना लावतात. त्याने पडद्यावर शून्य दिसतो, पण खान्याच्या आत ८८२० च असतो. त्या यादीवरून वर्डमध्ये पार्सलची लेबले छापली तर कागदावर पुन्हा ८८२० उमटू शकतो.

आपल्या देशातल्या पिनकोडांना मात्र हे सूत्र लावू नका. भारताचा कोणताही पिनकोड शून्याने सुरू होत नाही. मालेगावचा ४२३२०३ चिकटवला तर त्याचे काही बिघडत नाही. यादीत भारतातला पाच आकड्यांचा पिनकोड दिसला, तर तिथे शून्य गेलेला नाही, स्कॅनरने एखादा आकडा वाचलाच नाही. तिथे पुढे शून्य लावणे म्हणजे खोटा पत्ता तयार करणे. मूळ बिल काढून पाहावे.

फोनची गोष्ट याहून अवघड आहे. लँडलाइनचा एसटीडी कोड शून्याने सुरू होतो. मालेगावचा ०२५५४, भिवंडीचा ०२५२२, अहमदाबादचा ०७९. शून्य धरून पूर्ण क्रमांक ११ आकड्यांचा होतो. शून्य गेला की दहा उरतात, आणि दहा आकडे म्हणजे मोबाइल असे आपण धरून चालतो. भिवंडीच्या क्रमांकाबाबत चूक पकडता येते, कारण तो २ ने सुरू होतो आणि आपल्याकडचे मोबाइल ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. पण अहमदाबादच्या आडत्याचा ०७९ गेला की ७९ ने सुरू होणारे दहा आकडे उरतात, आणि ७९ ने सुरू होणारे मोबाइलही आहेत. बेंगळुरूच्या ०८० चे तेच. अशा क्रमांकावर तुम्ही बिल पाठवले तर ते कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ शकते.

सगळ्यांच्या पुढे शून्य जोडून टाकू म्हणावे, तर त्यानेही कोणता क्रमांक लँडलाइनचा ते कळत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य दाबावा लागतो, त्यामुळे काही कागदांवर मोबाइलच्या पुढेही शून्य लिहिलेला असतो. म्हणजे हरवलेला शून्य लँडलाइनचा होता की मोबाइलचा, हे यादीवरून ठरत नाही. इथे सूत्र चालत नाही, मूळ कागदच पाहावा लागतो. परदेशी क्रमांकांत + चे चिन्हही असेच गळते, कारण एक्सेल त्याला अधिकचे चिन्ह समजते. बारा आकड्यांचा क्रमांक तर 9.2E+11 असा विचित्र दिसू लागतो.

शेवटची काळजी फाइल पाठवताना घ्यावी. कुरिअरवाले पुष्कळदा सीएसव्ही फाइल मागतात. या फाइलमध्ये फक्त मजकूर असतो, रकान्याला लावलेला Text त्यात जात नाही. आपली फाइल बरोबर असते, पण तपासायला म्हणून आपण तिच्यावर दोनदा क्लिक करतो, ती एक्सेलमध्ये उघडते, शून्य गळतात आणि आपण सवयीने सेव्ह करतो. सीएसव्ही तपासायची तर नोटपॅडमध्ये उघडावी. एक्सेलमध्येच हवी असेल तर कोऱ्या शीटवरून Data, From Text/CSV या वाटेने आणावी आणि Data Type Detection मध्ये Do not detect data types निवडावे.

आमच्या यादीचे पुढे असे झाले. ३८ ओळींतले ११ झिप कोड सूत्राने अर्ध्या मिनिटात दुरुस्त झाले. त्याच यादीत आपल्या इथल्या आडत्यांचे फोनही होते, त्यांतले ७ संशयास्पद निघाले. त्यांच्यासाठी बिलांची फाइल पुन्हा उघडावी लागली आणि त्यात अख्खी दुपार गेली. तेव्हापासून स्कॅन केलेले कागद यादी तयार झाली तरी आम्ही टाकून देत नाही, आणि पुतण्या काहीही चिकटवण्याआधी रकान्यांना Text लावतो.