हप्त्यातले व्याज नफ्यात कधी धरायचे?

समजा, दुकानदाराने १ एप्रिलला २१,००० रुपये रोख किमतीचा फ्रिज हप्त्यांवर विकला. व्याज घटत्या बाकीवर १० टक्के. दरवर्षी ३१ मार्चला १२,१०० रुपयांचा एक, असे दोन हप्ते. गिऱ्हाइकाकडून एकूण २४,२०० रुपये यायचे आहेत. वहीत त्याच्या नावे हीच रक्कम पडते, पण विक्री म्हणून २१,००० रुपयेच जमा होतात. उरलेले ३,२०० रुपये 'न कमावलेले व्याज' या वेगळ्या खात्यात राहतात, कारण व्याज पिकते ते दिवस सरतील तसे.

पहिल्या वर्षाचे व्याज २१,००० वर २,१०० रुपये. तेवढेच उत्पन्नात येते. हप्त्यातले उरलेले १०,००० मुद्दलात वळते होऊन बाकी ११,००० राहते. दुसऱ्या वर्षी त्यावर १,१०० रुपये.

सगळे व्याज विक्रीच्या दिवशीच उत्पन्नात धरले, तर तेव्हाचा नफा फुगतो; दोन वर्षांत निम्मे-निम्मे वाटले, तर पहिल्या वर्षाचा नफा कमी दिसतो. पडताळा सोपा आहे: येणे हप्त्यांतून न कमावलेले व्याज वजा केले, की मुद्दलाची बाकी जुळली पाहिजे. पहिल्या वर्षाअखेर १२,१०० वजा १,१००, म्हणजे बरोबर ११,०००.